एकच हॉल, दोन चौकटी: विक्रीच्या जाहिरातीसाठी आणि प्रेझेंटेशन बोर्डासाठी

सोळा बाय दहा फुटांचा हॉल, एका टोकाला मुख्य दार आणि समोर बाल्कनी, असा फ्लॅट घेऊन पाहू. विक्रीची जाहिरात आणि इंटिरिअरच्या कामाचा बोर्ड या दोन्हींसाठी त्याचे फोटो हवे आहेत. एकाच फोटोत दोन्ही कामे भागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाहिरातीच्या फोटोची चौकट अखेर आपल्या हातात राहत नाही. एके ठिकाणी तो १६:९ मध्ये, दुसरीकडे ४:३ मध्ये, तर यादीतल्या छोट्या चित्रात चौरस कापला जातो. म्हणून आडवा, ३:२ फोटो घ्यावा आणि कापला जाणार हे गृहीत धरूनच घ्यावा. ६०००×४००० पिक्सेलचा फोटो चौरस झाला, तर दोन्ही बाजूंनी एक-एक हजार पिक्सेल, म्हणजे रुंदीचा एक-एक षष्ठांश जातो. तेव्हा बाल्कनीचे दार मधल्या दोन-तृतीयांशातच असले पाहिजे. कॅमेरा मुख्य दाराजवळच्या कोपऱ्यात, साधारण छातीच्या उंचीवर, अजिबात वर-खाली न झुकवता धरावा, म्हणजे दोन भिंती आणि जमीन एकत्र दिसून खोलीचा आकार समजतो. २४ मिमीच्या आसपासची लेन्स येथे पुरते. मोबाइलच्या ०.५× लेन्सने दहा फुटांची रुंदी चौदा फुटांसारखी भासते, आणि प्रत्यक्ष पाहायला आलेल्या माणसाचा विश्वास दारातच उडतो.

बोर्डावर कापणारे आपणच असतो. ए२ कागद ४२०×५९४ मिमीचा असतो आणि त्यावर फोटोशेजारी प्लॅन, लॅमिनेटचे नमुने आणि कापडाचे तुकडे बसवायचे असतात. त्यामुळे आधी रकाने आखावेत आणि मग रकान्याच्या मापाने फोटो काढावा. उभ्या रकान्यासाठी ४:५ मला सर्वांत सोयीचे वाटते. येथे कोपरा सोडून टीव्हीच्या भिंतीसमोर काटकोनात उभे राहावे. असे केल्याने टीव्ही युनिटच्या आडव्या रेषा रकान्याच्या वरच्या-खालच्या कडांना समांतर पडतात आणि शेजारचा प्लॅन त्यांच्याशी जुळतो.

जाहिरातीचाच फोटो उभा कापून बोर्डावर लावण्याचा मोह नेमका येथे नडतो. चित्राची खोली आणि भिंतींचा तिरकेपणा आपण कुठे उभे होतो त्यावर ठरतो. कापल्याने तो बदलत नाही, त्यामुळे तिरक्या रेषा रकान्याशी भांडत राहतात. शिवाय त्या फोटोतून फक्त युनिटपुरता १२०० पिक्सेल रुंद तुकडा काढून २४० मिमी रुंद छापला, तर इंचाला जेमतेम १२७ पिक्सेल उरतात आणि हातात धरून पाहणाऱ्याला व्हेनिअरचे रेषे पुसट दिसतात. छापण्यापूर्वी तेवढा भाग खऱ्या मापात साध्या कागदावर काढून पाहिला, की हा दोष लगेच कळतो.

वेळ एकाच फेरीचा असेल, तर कोपऱ्यातून जाहिरातीचे फोटो आधी उरकावेत आणि उरलेला सगळा वेळ टीव्हीच्या भिंतीसमोर द्यावा.