व्हीटीआर, सरासरी वेळ की गळतीचा आलेख?

यूट्यूबवर स्किप करता येणाऱ्या जाहिरातीचे दोन कट तयार आहेत आणि त्यातला एकच ठेवायचा आहे, अशा वेळी मी तिन्ही गोष्टी वापरून पाहिल्यात: व्हीटीआर, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दाखवली त्यातल्या किती टक्के वेळा तिचा व्ह्यू धरला गेला; सरासरी पाहण्याचा वेळ; आणि कितव्या सेकंदाला किती लोक टिकले हे दाखवणारा गळतीचा आलेख. लांबी, प्रेक्षक आणि जाहिरातीसाठी लावलेली बोली सारखी असेल तर व्हीटीआर पुरतो. क्लायंटलाही तो पटकन कळतो. लांबी बदलली की मात्र तो दिशाभूल करतो, आणि माझं मन तिथेच त्याच्यावरून उडालं.

घरगुती मसाल्यांच्या जाहिरातीचे 20 आणि 40 सेकंदांचे दोन कट आम्ही चालवत होतो. छोट्याचा व्हीटीआर 32 टक्के आला, मोठ्याचा 24. मोठा बंद करायचं जवळपास ठरलंच होतं. पण व्ह्यू धरला जातो 30 सेकंद पाहिल्यावर, आणि जाहिरात त्याहून छोटी असेल तर ती पूर्ण पाहिल्यावर. (क्लिक केलं तरी धरतात, पण इथे क्लिक नगण्य होते.) म्हणजे छोट्याची परीक्षा 20 सेकंदांची, मोठ्याची 30 ची! मोठ्या कटचा 50 टक्क्यांचा टप्पा, म्हणजे बरोबर विसावा सेकंद, उघडून पाहिला तर तिथे 34 टक्के लोक टिकले होते. तो मागे नव्हताच.

सरासरी पाहण्याचा वेळ मोठ्याचा 16 सेकंद होता. पण सोळाव्या सेकंदाला फारसं कुणी जात नव्हतं. बरेचसे सातव्यापर्यंत स्किप करत होते आणि उरलेल्यांतले पुष्कळजण शेवटपर्यंत थांबत होते. या आकड्यावरून एडिटरला काय बदलायला सांगणार?

म्हणून माझा कल गळतीच्या आलेखाकडे. तोही जपून वाचावा लागतो. 20 सेकंदांच्या जाहिरातीत 25 टक्क्यांचा टप्पा पाचव्या सेकंदाला येतो, स्किपचं बटण दिसतं तेव्हाच, त्यामुळे तो काहीच सांगत नाही. मी यूट्यूब स्टुडिओतला सेकंदागणिक आलेख पाहतो, आणि जाहिरातीचा व्हिडिओ वेगळा, अनलिस्टेड ठेवतो, म्हणजे चॅनलचे नेहमीचे प्रेक्षक त्यात मिसळत नाहीत. पाच ते सात सेकंदांमधली उतरण दोन्ही कटांत होती. तो बराचसा सवयीचा भाग, असं मला वाटतं.

मोठ्या कटात तेविसाव्या सेकंदाला पुन्हा घसरण दिसली. बोट बटणापर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून दोन सेकंद मागे जाऊन पाहिलं. कढईतली फोडणी तडतडत असतानाच दृश्य तुटून पांढऱ्या पडद्यावर पाकीट आणि फोन नंबर येत होता. आम्ही फोडणी लांबवली, नंबर कोपऱ्यात घेतला आणि पाकीट शेवटच्या चार सेकंदांत ढकललं. पुढच्या दोन आठवड्यांत तिसाव्या सेकंदाला 24 ऐवजी 29 टक्के लोक राहिले. आठवड्यांमधला फरकही त्यात असू शकेल. पण कात्री नेमकी कुठे लावायची, हे व्हीटीआरने मला एकदाही दाखवलं नव्हतं.