आठ महिने एआय डिटेक्टर वापरल्यावर: पर्प्लेक्सिटी आणि बर्स्टिनेस नेमकं काय मोजतात

परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांचे इंग्रजी एसओपी, म्हणजे प्रवेशासाठी स्वतःबद्दल लिहायचा निबंध, तपासून देणं हे माझं काम. गेल्या वर्षी विद्यापीठं एआयने लिहिलेलं पकडतात अशी धास्ती सगळ्यांनी घेतली म्हणून मी एका डिटेक्टरचं पेड सबस्क्रिप्शन घेतलं, नाव देत नाही, कारण प्रॉब्लेम त्या एकाचा नाहीये, पद्धतीचाच आहे.

आधी तो काय करतो ते सांगते. आत एक भाषेचं मॉडेल असतं आणि ते तुमचा मजकूर वाचताना प्रत्येक शब्दाला विचारतं, "तू इथे येशील असं मला किती वाटत होतं?" (खरं तर शब्दाचे तुकडे असतात, टोकन, पण शब्द समजा.) चार शब्दांचं वाक्य धरा. पहिल्या दोघांची शक्यता प्रत्येकी १/२, पुढच्या दोघांची प्रत्येकी १/४. उलट करून गुणाकार केला की ६४ येतात, चार शब्द म्हणून त्याचं चौथं मूळ, साधारण २.८, ही झाली पर्प्लेक्सिटी. म्हणजे मॉडेल दर शब्दाला सरासरी तीनेक पर्यायांत अडकलं होतं. आता शेवटचा शब्द असा टाका की ज्याची शक्यता १/१०२४ आहे, आकडा थेट ११.३ वर जातो. एका शब्दाने! मशीन लिहिताना बहुतेक वेळा जास्त शक्यतेचेच शब्द उचलतं म्हणून त्याचा आकडा खाली राहतो, माणूस मध्येच भलताच शब्द टाकतो.

बर्स्टिनेस म्हणजे हाच आकडा वाक्यावाक्यागणिक किती वरखाली होतो ते. एका परिच्छेदात २२, २५, २१, २४ आले तर सपाट, मशीनसारखं. १२, ९०, ३५, १५ आले तर माणसासारखं. २०२३ च्या जानेवारीत प्रिन्स्टनच्या एडवर्ड टियानने जीपीटीझीरो नावाचं डिटेक्टर आणलं ते याच दोन आकड्यांवर उभं होतं, आता बरेच डिटेक्टर वेगळं ट्रेन केलेलं मॉडेलही जोडतात.

आता अनुभव. नांदेडकडची एक मुलगी, बारावीपर्यंत मराठी माध्यम, माझ्यासमोर बसून वहीत पेनाने एसओपी लिहिला, मी स्वतः टाइप केला, आणि डिटेक्टर म्हणाला ७८ टक्के एआय. मला खरंच राग आला. मग वाक्यं एकेक करून बघितली. "I am very interested in this field" छापाची वाक्यं सगळी लाल. साहजिक आहे, शाळेत पाठ केलेलं इंग्रजी ते, पुढचा शब्द कोणीही सांगेल. तिच्या वडिलांच्या तेलघाण्याचा पट्टा तुटला आणि तिने सायकलची ट्यूब कापून बांधला, हे तिने बोलता बोलता सांगितलं होतं, ते मी तिला दोन वाक्यांत लिहायला लावलं, परत टाकलं तर ३१ टक्के. लिहिणारी तीच, तीच वही. म्हणजे हा आकडा लेखक कोण ते सांगतच नाही, मजकूर त्या मॉडेलला किती ओळखीचा वाटला एवढंच सांगतो.

हे फक्त माझ्याकडेच झालं असंही नाही. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या परीक्षेतले, ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले, सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे ठरले, सगळे माणसांनी लिहिलेले असून. आणि पुढचं जास्त लागतं, तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्द भारी करून घेतले तर चुका एकदम कमी झाल्या! ज्याने खरंच मशीन वापरलं तो सुटतो, साधं लिहिणारा अडकतो. अमेरिकेची राज्यघटनासुद्धा एआय म्हणून दाखवली गेलीये, कारण ट्रेनिंगमध्ये ती इतक्यांदा आलीये की मॉडेलला पाठच आहे.

मराठीचं तर विचारूच नका. मी घरी जीपीटी-२ या जुन्या भाषा-मॉडेलवर स्वतः पर्प्लेक्सिटी काढून बघितली, माझंच २०१५ चं मराठी पत्र घातलं आणि आकडा इंग्रजी मशीनच्या मजकुरापेक्षाही खाली! कारण शोधलं तर देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं, ते मॉडेल त्याचे तुकडे पाडून वाचतं, आणि पहिला तुकडा जवळपास दर वेळी तोच, म्हणजे फुकटचे अचूक अंदाज, सरासरी खाली. मराठी मजकुराची टक्केवारी कोणी दाखवली तर आत कुठलं मॉडेल आहे ते आधी विचारा, किंवा २०२० च्या आधीचं स्वतःचं काहीतरी टाकून बघा.

सध्या मी एवढंच करते: दोन-चार ओळींच्या मजकुरावर आकडा बघतच नाही, टक्केवारी मुलांना दाखवत नाही, फक्त कुठली वाक्यं लाल आली ते बघते, तिथे बहुतेक वेळा घासून गुळगुळीत झालेलं वाक्य असतं आणि ते बदलायलाच हवं असतं. आणि प्रत्येकाला गूगल डॉक्समध्येच लिहायला सांगते, व्हर्जन हिस्टरी राहते, कोणी आरोप केला तर दाखवायला तेच कामाला येतं. सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्यात संपतंय, रिन्यू करणार नाहीये.