वेफर्सचं पाकीट की ज्यूसचा टेट्रापॅक: सोसायटीने वेगळं काय ठेवावं?

सुक्या कचऱ्यासाठी आणखी एकच पोतं ठेवायला जागा असेल, तर त्यात टेट्रापॅक ठेवा. दिसायला दोन्ही सारखेच, आतून चंदेरी आणि भंगारवाल्याला नकोसे, पण फरक आहे तो थर कसे सुटतात यात.

टेट्रापॅकमध्ये वजनाने साधारण 75 टक्के जाड कागद असतो, 20 टक्के पॉलिथिन आणि 5 टक्के अॅल्युमिनियमची पातळ फॉइल. कागदाला पाणी चढतं, प्लॅस्टिकला चढत नाही, आणि सुटका तिथेच होते. कागद गिरणीत हायड्रापल्पर नावाचा मोठा मिक्सर असतो. त्यात खोके पाण्याबरोबर अर्धा तास घुसळले की कागदाचे तंतू लगदा होऊन निघून येतात. मागे उरतं प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचं चिकटलेलं मिश्रण. ते पुढे वेगळं करणं महागात पडतं, म्हणून बहुधा गरम दाबाखाली त्याचे पत्रे आणि फळ्या करतात. म्हणजे टेट्रापॅकचाही पुन्हा टेट्रापॅक होत नाही, पण तीन चतुर्थांश माल हाती लागतो.

वेफर्सच्या पाकिटात पाण्याने फुगेल असं काहीच नाही. बहुतेक पाकिटं पॉलिप्रॉपिलीनच्या दोन फिल्म एकमेकींना चिकटवून करतात. छपाईची शाई त्या दोन फिल्मच्या मधे अडकलेली, त्यामुळे धुऊन जात नाही. आतल्या फिल्मवरचा चंदेरी थर म्हणजे वाफेने चढवलेलं अॅल्युमिनियम, जाडी मायक्रॉनच्या काही शतांश. ते खरवडून काढण्यात कुणालाच फायदा नाही. सगळं एकत्र वितळवलं तर शाई, गोंद आणि तेलकटपणामुळे काळपट, कमकुवत दाणा मिळतो. काही पाकिटांत पॉलिस्टर आणि पॉलिथिनची जोडी असते, तिथे अडचण आणखी वाढते: पॉलिथिन 110 ते 130 अंशांना वितळतं, पॉलिस्टर 250च्या आसपास. पॉलिस्टर वितळेपर्यंत तापवावं तर पॉलिथिन खराब होतं, नुसतं पॉलिथिन वितळवावं तर पॉलिस्टरचे तुकडे तसेच राहतात. आणि बाहेरून पाहून कोणतं कुठलं हे सांगता येत नाही.

वजनाचा हिशोबही बघा. लहान पाकीट जेमतेम तीन ग्रॅमचं, म्हणजे एक किलोला तीनशेच्या वर पाकिटं वेचायची. एक लिटरचा खोका तीस ग्रॅमच्या घरात, तेहतीस-चौतीस खोक्यांत किलो भरतो. दुधाच्या पिशवीचा भंगारवाला आनंदाने भाव करतो, कारण ती सगळी पॉलिथिनच असते.

घरी पडताळायचं तर खोक्याचा तुकडा तासभर पाण्यात ठेवून बोटांनी चोळा, कागद सुटेल. पाकीट मुठीत चुरगाळून सोडा, ते पुन्हा उलगडतं. खरी फॉइल चुरगळलेलीच राहते.

खोके मात्र विसळून, चेपून ठेवा. आत ज्यूस राहिला की दोन दिवसांत वास मारतो, कागदाला बुरशी लागते आणि गिरणी गठ्ठा नाकारते. खोके नेणारा आधी गाठा, मगच पोतं लावा. पाकिटं वेगळी साठवलीत तरी ती बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातील. नाल्यात तुंबण्यापेक्षा ते बरं, पण त्याला रिसायकलिंग म्हणू नका.