धर्माची व्याख्या: आशयलक्षी की कार्यलक्षी?

विषय नागपूरच्या 1956 च्या धम्मदीक्षेनंतरच्या वस्त्यांचा, आणि प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात धर्माची व्याख्या कोणती घ्यावी यावर एक मैत्रीण अडली होती. मी दोन्ही व्याख्या तिच्याच साहित्यावर लावून पाहिल्या.

आशयलक्षी व्याख्या धर्मात काय असतं ते सांगते. मानवशास्त्रज्ञ टायलरच्या (1871) मते अलौकिक जीवांवरची श्रद्धा म्हणजे धर्म. सीमा स्वच्छ, क्षेत्रकार्यात काय नोंदवायचं तेही पक्कं. पण धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणं नाकारते. म्हणजे ही व्याख्या घेतली की अभ्यासविषयच हातातून निसटतो.

कार्यलक्षी व्याख्या धर्म काय करतो ते विचारते: माणसं एकत्र बांधतो का, जगण्याला अर्थ देतो का? इथे विहारातली वंदना सहज बसते. अडचण अशी की निवडणुकीची सभाही बसते. सगळंच धर्म ठरलं, तर प्रबंध नेमका कशावर?

म्हणून मी तिला समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या व्याख्येकडे (1912) वळवलं: पवित्र गोष्टींभोवतीच्या श्रद्धा आणि आचार, ज्यातून एक नैतिक समुदाय घडतो. यात देवाची अट नाही, पण पवित्रतेची आहे. वंदनेआधी चप्पल बाहेर काढतात, सभेत तसं कुणी करत नाही. असा फरक वहीत टिपता येतो. मात्र आंबेडकरांनी ‘रिलिजन’ व्यक्तिगत आणि धम्म सामाजिक असा भेद केला, तो प्रकरणात मांडायलाच हवा.

देवस्थानं किंवा अंगात येणं अभ्यासायचं असेल, तर टायलरची वाट सरळ पडेल. राष्ट्रवाद किंवा क्रिकेटवेड धर्माची जागा घेतं का, हा प्रश्न असेल तर कार्यलक्षी घ्या.