पानाचे क्षेत्रफळ आलेख कागदावर: कडेचे चौरस कसे मोजावेत?

सोलापुरात विज्ञान प्रकल्पासाठी मुले पाने आणतात, तेव्हा ती बहुधा तीन प्रकारची असतात: अंगणातल्या जास्वंदीची, सांगोल्याकडच्या बागेतल्या डाळिंबाची आणि मंगळवेढ्याकडच्या शेतातल्या ज्वारीची. पान आलेख कागदावर ठेवून कड गिरवायची आणि आतले चौरस मोजायचे, एवढी कृती सगळ्यांना ठाऊक असते. पूर्ण चौरसांबद्दल कोणाचे दुमत नसते. प्रश्न उरतो तो रेषेने कापलेल्या चौरसांचा. त्यांच्यासाठी तीन रीती प्रचलित आहेत आणि कोणती निवडावी हे पानाच्या आकारावर ठरते, असे माझे मत वर्गात अनेक पाने मोजून झाले आहे.

पहिल्या रीतीत अर्ध्याहून जास्त व्यापलेला चौरस पूर्ण धरतात, अर्ध्याहून कमी व्यापलेला सोडून देतात आणि नेमका अर्धा दिसणारा अर्धा धरतात. दुसऱ्या रीतीत कडेचे सगळे चौरस मोजून त्यांच्या संख्येची निम्मी पूर्ण चौरसांत मिळवतात. तिसऱ्या रीतीत कडेच्या प्रत्येक चौरसात १ मिलिमीटरचे छोटे चौरस मोजतात.

जास्वंदीचे एक पान पाहू. ते सुमारे ९ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद आहे. देठ वगळून पात्याची कड गिरवल्यावर १ सेंटिमीटरच्या जाळीत २३ चौरस पूर्ण आत आले आणि २८ चौरस रेषेने कापले गेले. म्हणजे क्षेत्रफळ २३ चौसेमीपेक्षा कमी आणि ५१ पेक्षा जास्त असू शकत नाही. दुसऱ्या रीतीने उत्तर २३ अधिक १४, म्हणजे ३७ चौसेमी येते. पहिल्या रीतीने पाहता २८ पैकी १४ चौरस अर्ध्याहून जास्त भरलेले आणि २ जवळजवळ अर्धे होते, म्हणून उत्तर ३८ आले. तिसऱ्या रीतीने कडेच्या चौरसांत १३६० छोटे चौरस निघाले आणि १०० छोट्या चौरसांचा १ चौसेमी होत असल्याने उत्तर ३६.६ आले. पहिल्या दोन रीतींना पाच मिनिटे पुरली, तिसरीला मात्र अर्धा तास लागला, तोही चौरसात पानाचा भाग मोठा असेल तर बाहेरचा लहान भाग मोजून १०० मधून वजा करण्याची सवय असल्यामुळे.

अर्धा तास खर्चून अचूकता वाढली असे वाटेल, पण येथे एक गोष्ट नजरेतून निसटते. पेन्सिल तिरकी धरली आणि रेषा पानाच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर बाहेर गेली, तर सुमारे २४ सेंटिमीटर परिघावर १.२ चौसेमी जास्तीचे जमा होतात, म्हणजे साधारण ३ टक्के. ही चूक छोटे चौरस कितीही काळजीने मोजले तरी जात नाही, कारण ती मोजण्यात नसून गिरवण्यात आहे. म्हणून टोकदार पेन्सिल उभी धरावी, पान बोटांनी दाबून सपाट ठेवावे आणि मोजताना रेषेची आतली बाजू हीच पानाची कड मानावी. जास्वंदीसारख्या रुंद पानासाठी माझी शिफारस अशी, की तेच पान कागदावर तीन वेगळ्या जागी, थोडे फिरवून गिरवावे, पहिल्या रीतीने मोजावे आणि सरासरी घ्यावी. वरच्या पानाची तीन उत्तरे ३८, ३६ आणि ३७ आली. उत्तरांत किती फरक पडतो हे यात डोळ्यांसमोर दिसते. छोटे चौरस एकदा मोजून जे मिळते त्यात ते दिसत नाही.

डाळिंबाचे पान मात्र या दोन्ही झटपट रीतींना दाद देत नाही. समजा पान ६ सेंटिमीटर लांब, मध्ये १.८ सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही टोकांना सारखे निमुळते आहे. त्याचे खरे क्षेत्रफळ ७.२ चौसेमी आहे. पानाची मधली शीर जाळीच्या रेषेवर आली आणि टोकेही रेषांवरच टेकली, तर एकही चौरस पूर्ण भरत नाही. १२ कापलेल्या चौरसांपैकी ८ अर्ध्याहून जास्त भरतात, म्हणून पहिली रीत ८ सांगते, तर दुसरी ६. तेच पान अर्धा सेंटिमीटर बाजूला सरकवून शीर चौरसांच्या मधोमध आणली, की मधल्या ओळीत ४ चौरस पूर्ण भरतात आणि टोकांचे २ अर्ध्याहून किंचित जास्त भरतात. दोन्ही बाजूंना मात्र निम्म्याहूनही कमी भरलेल्या तुकड्यांची ओळ उरते. आता पहिली रीत ६ सांगते आणि दुसरी ९. पान तेच, कागद तोच, आणि उत्तर ६ पासून ९ पर्यंत कुठेही. विद्यार्थ्याला आपण चुकलो असे वाटते, पण दोष जाळीचा आहे: पानाची रुंदी चौरसाच्या बाजूच्या दुप्पटही नसेल, तर कडेचे चौरसच सगळे उत्तर ठरवतात.

अशा पानासाठी तिसरी रीतच घ्यावी, किंवा आलेख कागदावर ५ मिलिमीटरच्या ठळक रेषा असतील तर त्या चौरसांनी पहिली रीत वापरावी. तेव्हा ध्यानात ठेवावे, की असा एक चौरस ०.२५ चौसेमीचा असतो, म्हणून एकूण संख्येला चाराने भागायचे. दोनाने भागून दुप्पट उत्तर लिहिलेल्या वह्या मी कितीदा तपासल्या आहेत. गिरवण्यातली चूकही येथे अधिक जाचक ठरते: अर्ध्या मिलिमीटरची जास्तीची रेषा या लहान पानावर सुमारे ९ टक्क्यांची भर घालते.

पिंपळाच्या पानाची लांब शेपटी ही आणखी एक वेगळी बाब आहे. तिच्यातले तीन-चार चौरस जेमतेम व्यापलेले असतात. पहिली रीत ते सगळे टाकून देते आणि दुसरी प्रत्येकी अर्धा धरून फुगवते. तेवढी शेपटी छोट्या चौरसांनी मोजून उरलेले पान पहिल्या रीतीने मोजणे सर्वांत सोपे.

कोणतीही रीत घेतली तरी आधी कागद तपासावा. झेरॉक्स किंवा छापील प्रतीत जाळी आकसलेली असू शकते. फूटपट्टीने दहा मोठे चौरस मोजावेत. ते १० ऐवजी ९.७ सेंटिमीटर भरले, तर प्रत्येक चौरस फक्त ०.९४ चौसेमीचा असतो आणि तो १ धरल्यास उत्तर सुमारे ६ टक्क्यांनी फुगते. पानही ताजे हवे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी तोडलेले पान वर्गात पोहोचेपर्यंत कडेने वळू लागते आणि वळलेली कड गिरवली की क्षेत्रफळ कमी भरते. सकाळी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेले पान सपाट राहते.

राहिले ज्वारीचे पान. ते ६५ सेंटिमीटर लांब असेल तर आलेख कागदावर मावत नाही. तुकडे करून गिरवता येते, पण पात्याची कड लहरदार असल्याने प्रत्येक तुकडा दाबून धरावा लागतो. त्यासाठी लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी यांचा गुणाकार करून त्याला ०.७५ ने गुणण्याची शेतीशास्त्रातली रूढ पद्धत अधिक सोयीची आहे. रुंदी ७ सेंटिमीटर असेल, तर उत्तर सुमारे ३४१ चौसेमी येते, आणि पान रोपावरून तोडावेही लागत नाही.