छोट्या ऑर्डरी आणि पेमेंट गेटवेचे शुल्क : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

न्यू जर्सीतून मी मराठी शुभेच्छापत्रे आणि मुलांसाठी अक्षरओळखीचे छापून घेता येण्याजोगे तक्ते विकते. शुभेच्छापत्रे टपालाने जातात, तक्ते पीडीएफच्या रूपात. गेले अनेक महिने माझ्या संकेतस्थळावरचे सर्व पैसे एकाच पेमेंट गेटवेतून येत आहेत. त्याचा दर अमेरिकेतल्या लहान व्यावसायिकांना सर्वाधिक वेळा दिसणारा, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे २.९ टक्के अधिक ३० सेंट असा आहे. गेटवे म्हणून त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत बँकेत जमा होतात, फोनवरून पैसे भरताना ग्राहक अडखळत नाहीत आणि हिशेबाचा अहवाल स्वच्छ मिळतो. हा अभिप्राय केवळ दराविषयी आहे, कारण पाच-सहा डॉलरच्या वस्तू विकणाऱ्या माणसासाठी हा दर वाचताना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ महाग पडतो.

एका शुभेच्छापत्राचा हिशेब मांडते. पत्राची किंमत ५ डॉलर आणि टपालखर्च म्हणून मी घेते तो १ डॉलर. न्यू जर्सीत राहणाऱ्या ग्राहकाकडून या दोन्हींवर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या कार्डावर ६.४० डॉलर पडतात. गेटवे आपले २.९ टक्के या पूर्ण ६.४० डॉलरवर मोजतो. त्यातले ४० सेंट सरकारचे आहेत आणि मी ते केवळ गोळा करून पुढे भरते, पण शुल्काच्या दृष्टीने ते माझेच उत्पन्न ठरते. टक्केवारीचे १९ सेंट आणि वरचे ३० सेंट मिळून ४९ सेंट कापले जातात. आता खर्चाची बाजू पाहू. छपाई व पाकिटाला मला २.१० डॉलर लागतात, टपाल आणि वेष्टनाला १.४० डॉलर. म्हणजे कर वगळून हाती येणाऱ्या ६ डॉलरांतून ३.५० डॉलर वजा जाता शुल्कापूर्वी २.५० डॉलर उरतात आणि त्यांतले ४९ सेंट गेटवेकडे जातात. जाहिरातीत जो दर तीन टक्क्यांच्या आत दिसतो तो माझ्या नफ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा घेतो.

शुल्काची तुलना विक्रीच्या रकमेशी करायची सवय आपल्याला गेटवेचे अहवालच लावतात, कारण त्यांत एकूण विक्री, एकूण शुल्क आणि त्यांचे प्रमाण एवढेच दिसते. महिन्यात दोनचार मोठ्या ऑर्डरी आल्या की ते प्रमाण चार-साडेचार टक्क्यांवर स्थिरावते आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते. खरे चित्र हवे असेल तर व्यवहारवार यादी उतरवून घ्यावी, प्रत्येक ऑर्डरीपुढे तिचा शुल्कापूर्वीचा नफा लिहावा आणि शुल्काला त्या नफ्याने भागावे. मी तसे केले तेव्हा एका पत्राच्या सगळ्या ऑर्डरी यादीत वेगळ्याच उठून दिसल्या. तीन पत्रे एकत्र घेणाऱ्या ग्राहकाचा हिशेब त्यांच्याशेजारी ठेवला की फरक कळतो : पत्रांचे १५ डॉलर, टपालाचे २ डॉलर आणि कर धरून कार्डावर १८.१३ डॉलर पडतात, शुल्क ८३ सेंट जाते आणि माझ्या ८.७० डॉलरच्या नफ्यातला त्याचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास राहतो. दर तोच असूनही भार निम्म्यावर येतो, कारण ३० सेंट तीन वेळा न जाता एकदाच जातात.

हे ३० सेंट गेटवे मनात आले म्हणून लावत नाही, हे येथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण विक्रेत्यांच्या बोलण्यात सगळा राग गेटवेवरच निघतो. ग्राहकाचे कार्ड ज्या बँकेचे असते तिला प्रत्येक व्यवहारामागे इंटरचेंज नावाचे शुल्क मिळते आणि त्या शुल्कातच एक ठरावीक रक्कम असते. अमेरिकेत डर्बिन दुरुस्ती या कायद्यातल्या तरतुदीनंतर फेडरल रिझर्व्हने मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांसाठी या शुल्कावर मर्यादा घातली, ती ऑक्टोबर २०११ पासून लागू झाली. ती व्यवहारामागे २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के अशी आहे, शिवाय फसवणूक रोखण्याच्या व्यवस्थेसाठी आणखी एक सेंट घेता येतो. म्हणजे माझ्या ६.४० डॉलरच्या ऑर्डरीवरच्या ४९ सेंटांपैकी सुमारे सव्वाबावीस सेंटांपर्यंतची रक्कम ग्राहकाच्या बँकेकडेच जाऊ शकते. मोठ्या रकमांसाठी ही मर्यादा विक्रेत्यांच्या फायद्याची ठरली. लहान रकमांच्या बाबतीत उलटे झाले. त्याआधी किरकोळ खरेदीला कमी दर मिळत असे, तो कार्ड नेटवर्कांनी मर्यादेपर्यंत वर नेला आणि कॉफीसारख्या दोनचार डॉलरच्या वस्तू विकणाऱ्यांना डेबिट कार्ड पूर्वीपेक्षा महाग पडू लागले. त्यामुळे गेटवेशी घासाघीस करून ३० सेंट पाचावर येतील अशी अपेक्षा माझ्यासारख्या लहान विक्रेत्याने ठेवू नये.

भारतातून येथे आलेल्या ग्राहकांना हे समजावणे विशेष कठीण जाते. तिकडे १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याचे शुल्क, द्यावे लागत नाही. पुण्यात दहा रुपयांचा चहा यूपीआयने घेणाऱ्या माणसाला न्यू जर्सीत दोन डॉलरचा एकच तक्ता का मिळत नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या तक्त्याच्या हिशेबातच आहे : कर बाजूला ठेवला तरी दोन डॉलरवर ३६ सेंट, म्हणजे अठरा टक्के शुल्क जाते.

लहान रकमांसाठी काही गेटवे वेगळा दर देतात. त्यात टक्केवारी अधिक आणि ठरावीक रक्कम कमी असते. मला दुसऱ्या एका गेटवेकडून ४.९९ टक्के अधिक ९ सेंट असा दर मिळाला आणि काही आठवडे मी तो तक्त्यांसाठी वापरून पाहिला. दोन डॉलरच्या तक्त्यावर शुल्क ३६ सेंटांवरून १९ सेंटांवर आले, ही खरी बचत होती. पण ६.४० डॉलरच्या पत्रावर केवळ आठ सेंट वाचतात आणि रक्कम सुमारे दहा डॉलरच्या वर गेली की हा दर उलटा महाग पडू लागतो. तीन पत्रांच्या ऑर्डरीवर त्याने ८३ सेंटांऐवजी जवळजवळ एक डॉलर घेतला असता. हा दर खात्याच्या सर्व व्यवहारांना लागू होतो आणि ऑर्डरीची रक्कम पाहून गेटवे निवडण्याची सोय माझ्या संकेतस्थळाच्या व्यवस्थेत नाही. दोन खाती, दोन अहवाल आणि दोन ठिकाणांहून जमा होणारे पैसे जुळवण्यात जाणारा वेळ लक्षात घेता मी तो प्रयोग थांबवला. जो केवळ दोनतीन डॉलरच्या डिजिटल वस्तूच विकतो, त्याने मात्र हा दर अवश्य मागून पाहावा.

माझ्या बाबतीत खरा उपयोग झाला तो वस्तूंची मांडणी बदलल्याचा. सुटे तक्ते मी बंद केले आणि पाच तक्त्यांचा संच ८ डॉलरला ठेवला. पूर्वी ग्राहक पाच तक्ते पाच वेगवेगळ्या वेळी घेई तेव्हा दहा डॉलरच्या विक्रीवर १.८० डॉलर शुल्क जाई, आता आठ डॉलरवर ५३ सेंट जातात. ग्राहकाला दोन डॉलरची सूट देऊनही माझ्या हाती पूर्वीच्या ८.२० डॉलरांऐवजी ७.४७ डॉलर येतात. फरक ७३ सेंटांचा आहे, पण पूर्वी पाचही तक्ते घेणारे ग्राहक मोजकेच असत आणि बहुतेक जण एकदोनवर थांबत. शुभेच्छापत्राची किंमत मी ५ वरून ५.५० डॉलर केली. वाढलेल्या अर्ध्या डॉलरवर ठरावीक रक्कम पुन्हा लागत नाही, त्यामुळे त्यातला दीड सेंट सोडून बाकी सर्व माझ्याकडे राहतो आणि एका पत्रामागचा निव्वळ नफा २.०१ डॉलरवरून अडीच डॉलरवर गेला. शुल्क वेगळे दाखवून ग्राहकाकडून घेण्याचा विचार मी मुळीच केला नाही. डेबिट कार्डावर असा अधिभार लावण्यास कार्ड नेटवर्कांचे नियम मनाई करतात, क्रेडिट कार्डांबाबत राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि किमतीत धरलेली रक्कम ग्राहकाला अधिभाराइतकी खुपतही नाही.

दराच्या पानावर ठळक न दिसणारे दोन खर्च लहान ऑर्डरीला सर्वाधिक लागतात. पहिला परताव्याचा. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर मी ६.४० डॉलर पूर्ण परत देते, पण आधी कापलेले ४९ सेंट गेटवे मला परत देत नाही. नावात किंवा पत्त्यात चूक झाली म्हणून तासाभरात रद्द होणाऱ्या ऑर्डरी बऱ्याच असतात. त्यासाठी मी आता कार्डावर रक्कम केवळ राखून ठेवते आणि पत्र पाकिटात घालताना ती प्रत्यक्ष वसूल करते. वसुलीपूर्वी रद्द झालेल्या ऑर्डरीवर माझा गेटवे शुल्क घेत नाही. राखलेली रक्कम ठरावीक दिवसांत वसूल न केल्यास सुटते, तेवढी आठवण ठेवावी लागते.

दुसरा खर्च चार्जबॅकचा, म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेत तक्रार करून पैसे परत मागण्याचा. माझ्या गेटवेत प्रत्येक तक्रारीमागे १५ डॉलर लागतात, मग ऑर्डर सहा डॉलरची असो वा साठची. एका ग्राहक ताईंच्या यजमानांना कार्डाच्या विवरणात माझ्या दुकानाऐवजी माझ्या नोंदणीकृत कंपनीचे नाव दिसले, ते ओळखीचे न वाटल्याने त्यांनी बँकेत तक्रार केली. आलेले ६.४० डॉलर परत गेलेच, शिवाय शुल्काचे ४९ सेंट, दंडाचे १५ डॉलर आणि पोचलेल्या पत्राचा ३.५० डॉलर खर्च मिळून जवळजवळ एकोणीस डॉलर पदरचे गेले. ही रक्कम भरून काढायला त्या वेळच्या नफ्याने नऊ-दहा पत्रे विकावी लागली. त्याच दिवशी मी गेटवेच्या सेटिंगमध्ये विवरणात उमटणारे नाव बदलून दुकानाचे केले आणि ऑर्डरीच्या ईमेलमध्येही ते नाव लिहू लागले. त्यानंतर या कारणाने तक्रार आलेली नाही. ग्राहक स्वतःहून नाराजी कळवतो तेव्हा लहान ऑर्डरीचे पैसे मी विनावाद परत करते, कारण वाद बँकेपर्यंत गेला की वस्तूच्या किमतीपेक्षा दंडच मोठा असतो.

दहा डॉलरच्या खालच्या वस्तू सुट्या विकणाऱ्याला मी हा गेटवे सुचवणार नाही. पंधरा डॉलरच्या पुढच्या ऑर्डरींसाठी मात्र तो मी समाधानाने वापरते. मोठ्या रकमांना वेगळा नियम लागतो. महाराष्ट्र मंडळांकडून दिवाळीला दोनशे डॉलरच्या आसपास ऑर्डरी येतात, तेथे ३० सेंट नगण्य असतात, पण टक्केवारीसह शुल्क ६.१० डॉलर होते. मंडळाचे खजिनदार धनादेश किंवा बँकेतून थेट रक्कम पाठवायला सहज तयार होतात आणि वर्षातून अशा ऑर्डरी मोजक्याच असल्याने त्यांचा हिशेब हाताने ठेवणे मला जड जात नाही. त्यांना मी गेटवेचा दुवा पाठवत नाही, बिल पाठवते.