“तपासणी माफ” म्हणाला आणि मी पैसे पाठवले

आकडे आधी सांगते. गाडीचा संपलेला विमा परत काढून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला मी 9,870 रुपये दिले. पुढे गाडीच्या दुरुस्तीला 1,08,450 रुपये खिशातून गेले. हे लिहायची लाज वाटते, कारण मी शाळेच्या कार्यालयात हिशेब बघते आणि दुसऱ्यांच्या पावत्यांमधल्या चुका शोधणं हेच माझं काम आहे. पण कुर्ल्यात, चेंबूरमध्ये त्याने पाठवला तसा मेसेज अजून फिरतोय, म्हणून लिहिते.

आमच्या गाडीची पॉलिसी 11 जून 2025 च्या मध्यरात्री संपली. मी विसरले, हे कबूल. त्या आठवड्यात आईचं ऑपरेशन होतं आणि मी रोज नेहरूनगर ते हॉस्पिटल फेऱ्या मारत होते. कंपनीचा खरा रिमाइंडर माझ्या जुन्या नंबरवर जात असणार, तो नंबर मी कधीच बंद केला होता. 14 तारखेला, शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज आला:

“आपल्या वाहनाची मोटर पॉलिसी 11/06/2025 रोजी संपली आहे. विमा नसताना वाहन चालवल्यास 2,000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात, चोरी किंवा पुराच्या नुकसानीचा क्लेम मिळणार नाही. 90 दिवसांत नूतनीकरण न झाल्यास नो क्लेम बोनस जाईल. पॉलिसी खंडित झाल्याने वाहनाची तपासणी आवश्यक आहे. आज रात्री 12 पर्यंत पैसे भरल्यास तपासणी माफ.”

वर गाडीचा पूर्ण नंबर होता. गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर दिसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, एवढं माहीत आहे म्हणजे कंपनीचाच माणूस.

आता हा मेसेज परत वाचा. शेवटची ओळ सोडली तर सगळं खरं आहे. दंडाचा आकडा पहिल्या गुन्ह्यासाठी बरोबर आहे. क्लेम न केल्यामुळे हप्त्यात जी सूट मिळते, त्या बोनसचे 90 दिवसही बरोबर आहेत. फक्त बऱ्याच जणांना वाटतं तसे ते विम्याला मिळालेले जादा दिवस नाहीत. त्या दिवसांत फक्त बोनस वाचतो, गाडीला संरक्षण एका मिनिटाचंही नसतं. आणि पॉलिसीत एका दिवसाचा जरी खंड पडला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा परत देण्याआधी कंपनी गाडी बघते. का बघणार नाही? नाहीतर गाडी ठोकायची, मग विमा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी क्लेम टाकायचा, असं कोणीही केलं असतं.

आणि हे मला माहीत होतं! माझ्या भावाची पॉलिसी एकदा दोन दिवस उशिरा भरली गेली, तेव्हा एक माणूस घाटकोपरला त्यांच्या सोसायटीत येऊन तासभर गाडीचे फोटो काढत होता. मी तिथेच चहा घेऊन उभी होते. हा प्रसंग मला 14 जूनच्या रात्री आठवला. मी मेसेज पाठवणाऱ्या त्या माणसाला फोनवर विचारलंसुद्धा, “अहो, तीन दिवस उलटलेत, गाडी बघायला कोणी येणार नाही?” तो म्हणाला, “मॅडम, तुमचे पाच वर्षं क्लेम नाहीत, जुन्या ग्राहकांना आम्ही सूट देतो. उद्या केलंत तर माणूस पाठवावा लागेल, त्याचे वेगळे 800.” आणि मी गप्प बसले. तिथेच फोन ठेवायला हवा होता. पाच वर्षं क्लेम नसल्याचा आणि आज गाडीला पोचा आहे की नाही याचा काय संबंध? हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. घड्याळात अकरा वाजत आले होते, आई कण्हत होती आणि मला ते एक काम संपवायचं होतं.

गेल्या वर्षीची पॉलिसी त्याने मागितली, मी पाठवली. गेल्या वर्षी 12,346 भरले होते, हा 9,870 म्हणाला. पैसे एका व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर गेले. “आमच्या शाखेच्या साहेबांचं खातं आहे,” म्हणे. विम्याचा हप्ता विमा कंपनीच्या नावावरच जायला हवा. साहेब, ताई, भाऊ असं कोणाचंही नाव पडद्यावर आलं तर तिथेच थांबा.

वीस मिनिटांत पीडीएफ आली. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सकाळी एमपरिवहनवर बघितलं, तर विमा पुढच्या जूनपर्यंत वैध! “अगं, बरोबर आहे सगळं,” म्हणाले. मग कोण कशाला संशय घेईल?

19 ऑगस्टचा पाऊस मुंबईत कोणी विसरलेलं नाही. मिठी भरली, आमच्या गल्लीत पाणी चढलं आणि उभ्या गाडीत सीटपर्यंत शिरलं. एक गोष्ट आम्ही नीट केली, पाणी उतरल्यावर चावी फिरवली नाही. बुडालेली गाडी चालू करायला गेलं की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. टोइंगने गाडी गॅरेजला नेली.

गॅरेजच्या विमा काउंटरवरच्या मुलीने पीडीएफवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पॉलिसी नंबर तोच, गाडी तीच, माझं नाव तेच. प्रकार: फक्त थर्ड पार्टी. भरलेली रक्कम: 4,031 रुपये.

मग तिने प्रिंट हातात घेऊन दाखवलं. थर्ड पार्टीची ओळ 3,416 ही मूळची होती, 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला तेव्हा तोच दर होता. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 4,031 होतात. त्याच्या वर “ओन डॅमेज” म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, “झिरो डेप” म्हणजे घसारा न कापता भरपाई, “आयडीव्ही 3,60,000” म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, अशा ओळी नंतर घुसवल्या होत्या. त्या ओळींतले आकडे बाकीच्यांपेक्षा किंचित जाड होते. एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य आहे. फोनच्या छोट्या पडद्यावर दोन महिने मला ते दिसले नव्हते.

खेळ आता कळला असेल. थर्ड पार्टी पॉलिसी ही समोरच्याच्या नुकसानीसाठी, आपल्या गाडीला काही झालं तरी कंपनीला देणं नसतं. म्हणून तिला तपासणी लागत नाही, खंड पडलेला असला तरी ती ऑनलाइन लगेच निघते. त्याने माझ्या गाडीची खरी थर्ड पार्टी काढली, कागद बदलला आणि 5,839 रुपये खिशात घातले. एमपरिवहनवर विमा दिसतो, कारण विमा आहेच. तो कुठल्या प्रकारचा आहे, हे तिथल्या तारखेवरून कळत नाही. त्यामुळे तारीख बघून निश्चिंत होऊ नका. जुन्या पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर कंपनीला फोन करा आणि एकच विचारा, ओन डॅमेज आहे का आणि आयडीव्ही किती.

आता यंत्रणेबद्दल. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन केला. बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पण पैसे दोन महिन्यांपूर्वी गेलेत म्हटल्यावर त्यांचाही आवाज उतरला. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, माझ्या वेळी काही उरलं नव्हतं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, पॉलिसी तुम्हाला मिळाली, ती खरी आहे. मग फसवणूक कुठे झाली?” मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ते म्हणाले, पाच-सहा हजारांची गोष्ट आहे. साहेब, पाच हजारांची? बनावट कागद तयार केलाय, माझे लाखभर रुपये गेलेत! तीन फेऱ्यांनंतर अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही.

विमा कंपनीने तर कमाल केली. त्यांना विचारलं, ही पॉलिसी कोणी काढली, कुठल्या खात्यातून पैसे आले, ते सांगा. उत्तर आलं की नोंदणीकृत मोबाइल नंबर तुमचा नाही, त्यामुळे माहिती देता येणार नाही. नाव माझं, गाडी माझी, आरसी माझ्या हातात, आणि माहिती मला देता येत नाही, कारण चोराने स्वतःचा नंबर घातलाय! विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. कंपनीने तिथे लिहिलं, “प्रस्तावाप्रमाणे पॉलिसी दिली आहे,” आणि तक्रार बंद. सांताक्रूझला विमा लोकपालांच्या कार्यालयात गेले, तर कळलं की तिथे कंपनी किंवा तिच्या एजंटविरुद्धची तक्रार चालते. हा माणूस कोणाचाच एजंट नाही. म्हणजे प्रत्येक दारावर हेच की तो आमच्यापैकी नाही. तो कोणाचाच नाही म्हणूनच तर तक्रार आहे ना?

सीट, कार्पेट, वायरिंग, सीटखालचं मॉड्यूल, सगळं बदलून गाडी 5 सप्टेंबरला आली. जुनी पॉलिसी संपल्यापासूनचे 90 दिवस 9 सप्टेंबरला भरत होते. चार दिवस हातात होते. थर्ड पार्टी खरी असल्यामुळे फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी काढता आली, 7,316 रुपयांत, आणि 50 टक्के बोनस वाचला. हे मला काउंटरवरच्या त्या मुलीनेच सांगितलं, बाकी कोणी सांगितलं नाही.

त्या वेळी खरी तपासणी कशी असते ते कळलं. कंपनीची लिंक आली, ती फोनचा कॅमेरा थेट उघडते, गॅलरीतला जुना फोटो घेतच नाही. दिवसाउजेडी चारी बाजू, नंबरप्लेट, काच आतून आणि बाहेरून, चावी फिरवून मीटरचं रीडिंग, बॉनेट उघडून इंजिन. चॅसिस नंबर कुठे कोरलाय ते मॅन्युअलमध्ये बघून शोधावं लागलं, आणि तो फोटो दोनदा पुसट आला म्हणून परत काढायला लावला. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, त्यात डाव्या मागच्या दारावरचा जुना पोचा लिहिलेला होता. तो पोचा आता क्लेममध्ये मिळणार नाही. संरक्षण सुरू झालं ते अहवाल मंजूर होऊन पैसे भरल्यानंतर, मागच्या तारखेपासून नाही. एवढी बारकाई असते. आणि जूनमध्ये माझ्याकडे गाडीचा एक फोटोही कोणी मागितला नव्हता.

थर्ड पार्टीवर अजून त्याचाच नंबर आहे. तो बदलायला ऑनलाइन गेले तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो. शाखेत आरसी, आधार आणि लेखी अर्ज दिलाय, तीन आठवडे झाले. तो बदलला नाही, तर पुढच्या जूनमध्ये कंपनीचा खरा रिमाइंडर त्यालाच जाईल.